‘दोन शब्द’ आणि दोन गोष्टी

फोन नेहमी उशिराच येतो. “ताई, रविवारी सरांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही जुन्या खेळाडू, दोन शब्द बोला.” दोन शब्द म्हणजे किती मिनिटं, हे कुणी सांगत नाही. मग शनिवारी रात्री जेवणं आटपली की आपण वहीचं मधलं पान फाडून बसतो आणि सरांनी मिळवून दिलेले करंडक आठवायला लागतो.

माझ्या खो-खोच्या सरांच्या सत्काराला मी हेच केलं होतं. जिल्हा अजिंक्यपदं किती, राज्य स्पर्धेत किती वेळा, किती मुली राज्याच्या संघात गेल्या, असं सगळं वर्षावार लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. सर समोर बसले होते. मे महिन्यातल्या उकाड्यात खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मी वाचत होते तेवढा वेळ ते नारळाची शेंडी बोटाला गुंडाळत आणि सोडत होते. माझं झाल्यावर सूत्रसंचालकांनी मानपत्र वाचलं, आणि माझी सगळी यादी त्यात जशीच्या तशी होती. फक्त त्यांची भाषा अलंकारिक होती आणि कागद चौकटीत बसवलेला होता.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. आपल्याकडच्या सत्कारात यादीचं काम मानपत्राकडे असतं. जन्म, नोकरी, पुरस्कार, घडवलेल्या खेळाडूंची नावं हे सगळं त्यात येतं, आणि यावंच. ते भिंतीवर लागणार असतं. भाषण करणाऱ्यानं तेच पुन्हा म्हटलं तर सभागृह मोबाइल काढतं. जी कामगिरी मानपत्रात मावत नाही, म्हणजे सरांनी नेमकं काय केलं म्हणून हे करंडक आले, ती भाषणात सांगायची असते. आणि ती गोष्टीतूनच सांगता येते. एक गोष्ट सांगितली तर योगायोग वाटतो. तीन सांगितल्या तर आभार प्रदर्शनवाले घड्याळ बघू लागतात. दोन पुरतात.

पण कुठल्या दोन? इथंच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं एक उदाहरण घेऊ. समजा, शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांचा सत्कार आहे, ते समोर खुर्चीत बसले आहेत आणि बोलायचं आपल्याला आहे.

मानपत्राचा मजकूर तयार आहे. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री, शिष्यांत सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर. मला मात्र त्या मजकुरातली एक बारीक ओळ सगळ्यांत जास्त आवडते. स्वतः सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. इतके कसोटीपटू घडवणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब एका सामन्यात आटपतो. तरी हेसुद्धा मानपत्रातच जाऊ द्या. भाषणाला गोष्टी हव्यात, आणि आचरेकर सरांच्या गोष्टींना तोटा नाही. म्हणून तर निवड अवघड.

पहिली आठवते ती झाडामागची. १९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला सरांच्या शिबिरात घेऊन गेले. सर बघत आहेत म्हटल्यावर अकरा वर्षांचा सचिन बिचकला आणि त्याला नीट खेळता येईना. सरांना काही तो पटला नाही. अजितनी विनंती केली की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सरांनी तसं केलं, मुलगा मोकळा खेळला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट सुरेख आहे, सभागृहाला हमखास आवडते. पण मी ती या भाषणात घेणार नाही. ती अजितची गोष्ट आहे. ओळखलं भावानं, युक्तीही भावाची. सरांनी ऐकून घेतलं हा त्यांचा मोठेपणा, पण गोष्टीची कळ त्यांच्या हातात नाही.

मी प्रत्येक गोष्टीला हीच एक कसोटी लावते. गोष्टीतून सरांना उचलून बाजूला ठेवायचं आणि उरलेली गोष्ट उभी राहते का ते बघायचं. उभी राहिली तर ती खेळाडूची गोष्ट, किंवा भावाची, आईची, नशिबाची. सत्काराच्या भाषणांत सर्रास हेच होतं. सरांच्या नावानं सुरुवात होते आणि तिसऱ्या वाक्यापासून अमक्या खेळाडूनं अमक्या सामन्यात काय केलं ते चालू होतं. टाळ्या त्या खेळाडूला पडतात, आणि सत्कारमूर्तीही बिचारे त्याच्यासाठी टाळ्या वाजवत बसतात.

दुसरी गोष्ट डब्याची. सरांनी सचिनसाठी सराव सामना ठरवला होता आणि तो सोडून हा शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला वानखेडेवर गेला. तिथं सर भेटले. सचिननं स्वतः अनेकदा सांगितलंय की सरांनी अशी एक लगावली की हातातला डबा उडाला. वर सांगितलं की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, तुझ्यासाठी लोक टाळ्या वाजवतील असं खेळ. ही गोष्ट पुरेपूर सरांची आहे, कसोटीला उतरते. तरी मी ती सांगणार नाही. ज्यानं थप्पड खाल्ली त्यानं ती हसत सांगितली की ती आठवण होते. तिसऱ्यानं व्यासपीठावरून सांगितली की ती शिफारस होते, आणि पुढच्या रांगेत आठवीतली मुलं आणि त्यांचे आताचे प्रशिक्षक बसलेले असतात. गोष्ट कुणाची आहे हे जसं बघावं लागतं, तसं ती सांगण्याचा हक्क कुणाचा आहे हेही बघावं लागतं. खेळाडूचा पराभव, मार, घरची गरिबी यांतलं काही सांगायचं असेल तर आधी त्याला फोन करून विचारायचं. “सांग की!” म्हणाला तर सांगायचं.

मग उरतात स्कूटर आणि फोन.

स्कूटरची गोष्ट सचिननं १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सांगितली. वेस्ट इंडीजविरुद्धची शेवटची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली होती, आणि कुणाचं नाव राहू नये म्हणून तो हातात यादी घेऊन बोलत होता. आभाराच्या भाषणात प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच वाक्यं येतात. सरांच्या वाट्याला आली ती पुन्हा ऐकून बघा. अकरा-बारा वर्षांचा असताना मी सरांच्या स्कूटरवर बसायचो, दिवसात दोन-दोन सराव सामने खेळायचो, शिवाजी पार्कवरून उचलून सर मला आझाद मैदानावर न्यायचे, असं तो म्हणाला. आणि मग म्हणाला की एकोणतीस वर्षांत सर मला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत, मी सैलावेन म्हणून. आता माझ्या आयुष्यात सामनेच उरले नाहीत, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, सर. यात एकही विशेषण नाही. ‘महान गुरू’ नाही, ‘शिल्पकार’ नाही. एक स्कूटर आहे आणि एक न मिळालेली शाबासकी आहे. ज्याच्या नावावर शंभर आंतरराष्ट्रीय शतकं त्यानं भर मैदानात ती शाबासकी मागून घेतली, तेव्हा सर किती कडक होते हे निराळं सांगावं लागलं नाही.

फोनची गोष्ट कांबळीची. तशी ती दोघांची म्हणून सांगतात, आणि तिथंच ती बिघडते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. ६६४ धावांची ती भागीदारी, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. एवढे आकडे म्हटले की सभागृह विक्रमात बुडतं आणि सर दिसेनासे होतात. कसोटी लावली तर सरांशिवाय गोष्ट खुशाल उभी राहते. पण त्याच दिवसात एक क्षण असा आहे की जिथं सर नसतील तर पुढचं काही घडतच नाही. गोष्ट तिथून धरायची.

आता लिहून बघू. दोन्ही गोष्टी मिळून, बोलायच्या भाषेत:

“सर, तुमच्या स्कूटरवर मागं बसून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा मुंबईभर फिरला. शिवाजी पार्कवर त्याची फलंदाजी झाली की तुम्ही त्याला उचलायचात आणि आझाद मैदानावर दुसऱ्या सामन्यात उतरवायचात. उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत त्याचे पंचावन्न सराव सामने झाले. खेळायचा पोशाख त्याच्याकडे एकच होता. सकाळच्या सत्रानंतर तो धुऊन वाळत पडायचा, दुपारी पुन्हा अंगावर चढायचा, आणि खिसे काही वाळायचे नाहीत. तुम्ही त्याला खिसे वाळेपर्यंत थांबू दिलं नाहीत.

“चार वर्षांनी त्याच आझाद मैदानावर जेवणाची सुट्टी झाली होती. फलकावर दोन बाद ७४८. तुम्ही तिथं नव्हतात. डाव डिक्लेअर करा म्हणून तुम्ही सांगून ठेवलं होतं. तुमचे सहायक सीमारेषेवरून हाका मारून थकले, पण खेळपट्टीवरची दोन पोरं तिकडं बघायलाच तयार नव्हती. शेवटी तुम्हाला फोन लागला. दोघांतला डावखुरा ३४९ वर होता. सर, एकच धाव, असं तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, डिक्लेअर. त्यानं बॅट ठेवली, चेंडू हातात घेतला आणि ३७ धावांत सहा बळी काढले. समोरचा संघ १४५ मध्ये संपला.

“एकाला तुम्ही डाव मिळावेत म्हणून पेट्रोल जाळलंत. दुसऱ्याला हातातला डाव सोडायला लावलात. सर, दोन्ही वेळा तुम्ही फलकाकडे बघतच नव्हतात.”

एवढंच. संथ बोललं तरी दोन मिनिटांत होतं. आपण व्यासपीठावर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. पुढंमागं नमस्कार, संयोजकांचा उल्लेख, शेवटी सरांना वाकून नमस्कार धरला तरी पाच मिनिटांत खाली बसता येतं. सत्कारात पाच मिनिटांत खाली बसणारा वक्ता लोक वर्षभर लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

वरच्या मजकुरात काय केलंय ते जरा उकलते. ‘६६४’ हा आकडा मी मुद्दाम घेतलेला नाही. ‘दोन बाद ७४८’ म्हटलं की तिसऱ्या रांगेतला कुणी तरी शेजाऱ्याला हळूच “सहाशे चौसष्ट!” म्हणतो. त्याला ते म्हणू द्यावं. आपण सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्यानं स्वतः ओळखलेला आकडा त्याच्या जास्त जवळचा असतो. खेळाडूंची नावंही घेतली नाहीत. नाव घेतलं की टाळी पडते आणि टाळीनं गोष्ट तुटते. ओल्या खिशांचं मात्र कबूल करते. तो तपशील सचिनच्या आत्मचरित्रातला आहे, सरांचा नाही, आणि माझ्याच कसोटीप्रमाणे तो कापायला हवा होता. मला कापवला नाही. म्हणून त्याच्या शेपटाला सरांचं एक वाक्य बांधलं.

दुसरं, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. पहिलीत सर मुलाला जास्तीत जास्त फलंदाजी मिळवून देतात, दुसरीत ऐन रंगात आलेली फलंदाजी थांबवतात. दोन्हींत सरांचा मायाळूपणाच आला असता, किंवा दोन्हींत शिस्तच, तर दुसरी गोष्ट पहिलीचा पुरवणी अंक झाली असती. जोडी लावताना दुसरी गोष्ट पहिलीला थोडी कोपरखळी मारणारी हवी.

एक धोका मात्र फार छळतो, आवृत्त्यांचा. फोनचीच गोष्ट घ्या. फोन नेमका कुणी लावला आणि आधी कोण बोललं, हे सांगणारे वेगवेगळं सांगतात. म्हणून वर मी ‘फोन लागला’ एवढंच म्हटलंय. जिथं खात्री नाही तिथं वाक्याची रचना बदलून निसटता येतं आणि गोष्टीचं काही बिघडत नाही. पण जिथं आकडा घेतला तिथं तो पक्काच हवा. ३७ च्या जागी ३९ म्हटलं तर सभागृहात एक जण असा असतोच की ज्याला ते पाठ आहे, आणि पुढचं सगळं भाषण तो शेजाऱ्याला तेवढंच सांगत बसतो. शिवाय सर समोर असतात. त्यांच्या आयुष्यातली गोष्ट आपण त्यांनाच ऐकवत असतो, हे विसरून चालत नाही. आदल्या दिवशी सरांच्या जुन्या सहायकाला एक फोन केला तर निम्म्या चुका घरीच सापडतात.

आचरेकर सरांच्या उदाहरणाला एक मर्यादाही आहे. त्यांच्या लिहिल्या-बोललेल्या गोष्टी बहुतेक कसोटीपटूंच्या आहेत. गावातल्या, तालुक्यातल्या प्रशिक्षकाकडे कसोटीपटू नसतो, आणि लोकांना वाटतं की म्हणून गोष्टही नाही. ती असते, फक्त विचारावं कसं ते कळायला हवं. जुन्या खेळाडूंना फोन करून “सरांबद्दल काही सांग ना” म्हटलं की “सर म्हणजे देवमाणूस” एवढंच हाती लागतं. मी विचारते, “सरांनी तुला ‘नाही’ कधी म्हटलं होतं?” मग पलीकडे दोन सेकंद शांतता होते, आणि गोष्ट येते.

माझ्या सरांचा दुसरा सत्कार गेल्या वर्षी झाला, त्यांच्या पंच्याहत्तरीला. पुन्हा उशिराच फोन आला, पुन्हा “दोन शब्द”. या वेळी मी करंडकांची वही उघडली नाही, सात जणांना फोन केले. सातातल्या सहांनी अंतिम सामने सांगितले. सातवा सध्या एसटीत वाहक आहे. तो कधी अंतिम सामना खेळलाच नव्हता. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा तो नववीत होता. सर, मला निदान राखीव म्हणून तरी ठेवा, असं तो म्हणाला आणि सर नाही म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि एक दोनशे पानी वही. प्रत्येक सामन्यात आमच्या तुकडीतली कोण किती वेळ टिकली, कुठल्या खांबाशी बाद झाली, साखळी खेळताना की एकेरीत, हे तो लिहायचा. आम्ही त्याला ‘तलाठी’ म्हणायचो. पुढच्या हंगामात सरांनी आमचा संरक्षणाचा क्रम बदलला आणि मला पहिल्या तुकडीतून तिसरीत टाकलं. मी चार दिवस सरांशी बोलले नाही. तो क्रम त्या वहीवरून ठरला होता, हे मला या फोनवर कळलं, तब्बल तीस वर्षांनी.

म्हणजे माझी दुसरी गोष्ट आपोआप मिळाली. पहिली वहीवाल्याची, दुसरी माझ्या रुसण्याची. दोन्हींत सरांचा नकार होता. स्वतःवरची गोष्ट सत्काराच्या भाषणात जपून वापरावी असं मी इतरांना सांगते, कारण बोलणारा तिच्यात हळूहळू मोठा होत जातो. पण इथं माझी बाजू चुकीची होती, त्यामुळे मोठं व्हायची सोय नव्हती.

भाषणात मी सांगितलं, की ज्या सामन्यापासून सरांनी मला तिसऱ्या तुकडीत खेळवलं त्यात मी दोन मिनिटं दहा सेकंद पळाले, तोवर माझी एवढी वेळ कधी लागली नव्हती. आकडा माझ्या पाठ होता. एवढी वर्षं मी तो घरीदारी सांगत आले होते.

सर या वेळीही समोरच होते, शाल, नारळ सगळं तसंच. पण शेंडी सोडून ते माझ्याकडे बघत होते. मी ‘दहा सेकंद’ म्हणाले तसे ते खुर्चीतून थोडे पुढं वाकले आणि माइकशिवाय म्हणाले,

“आठ.”

सभागृह हसलं. मागच्या रांगेत खाकी गणवेशातच आलेला ‘तलाठी’ बसला होता. मी त्याच्याकडे आशेनं पाहिलं. त्यानं दोन्ही हातांची चार-चार बोटं वर केली.